आधी डक्ट, मग लिफ्ट

नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात लिफ्टविषयी बहुधा एकच ओळ असते. ‘नामांकित कंपनीची आठ प्रवासी लिफ्ट.’ सभासद ती वाचतात, मान डोलावतात आणि किचनच्या ओट्याकडे वळतात. ओट्याचा ग्रॅनाइट पुढे कधीही बदलता येतो. लिफ्टचा डक्ट, म्हणजे जमिनीपासून गच्चीपर्यंत जाणारा तो उभा पोकळ खांब, एकदा ओतला की इमारत पाडेपर्यंत तसाच राहतो. आत चालणारं यंत्र वीस-पंचवीस वर्षांनी बदलावंच लागतं. तेव्हा नवी केबिन केवढी बसणार, दरवाजा किती रुंद उघडणार, आजारी माणूस झोपलेल्या अवस्थेत खाली आणता येणार की नाही, हे सगळं आजच्या नकाशातल्या एका चौकोनाने ठरवून टाकलेलं असतं.

तो चौकोन ठरतो कसा? लिफ्टच्या केबिनमध्ये एक पाटी असते: 8 प्रवासी, 544 किलो. भागाकार केला की माणशी 68 किलो येतात. भारतीय मानकाने धरलेला हा सरासरी प्रवासी. म्हणजे ‘आठ’ हा मुळात वजनाचा हिशोब आहे, जागेचा नाही. मानकाच्या जुन्या तक्त्यात आठ प्रवाशांची केबिन आतून 1300 मिलिमीटर रुंद आणि 1100 मिलिमीटर खोल दिलेली आहे. दिवाळीच्या दिवशी फराळाच्या पिशव्यांसकट त्यात आठ माणसं उभी करून पाहावीत. पाच-सहा झाली की सातवा माणूस ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणतो.

एक उदाहरण घेऊन सगळा हिशोबच मांडून पाहू. समजा, पुण्यात एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास होतो आहे. खाली पार्किंग, वर पाच मजले, प्रत्येक मजल्यावर चार सदनिका. वीस घरं, घरटी चार माणसं धरली तर ऐंशी रहिवासी. एका लादीपासून वरच्या लादीपर्यंत तीन मीटर. म्हणजे पार्किंगपासून पाचव्या मजल्यापर्यंत 15 मीटरचा प्रवास आणि सहा थांबे. जागा आणि पैसा एकाच लिफ्टपुरता आहे.

सभेत पहिला प्रश्न हमखास येतो, ‘एक लिफ्ट पुरेल का?’ याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने त्यासाठी एक मोजमाप दिलेलं आहे: गर्दीच्या वेळी पाच मिनिटांत इमारतीतल्या किती टक्के माणसांना लिफ्ट वाहून नेते? कार्यालयांसाठी हा आकडा दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो, कारण तिथे सगळे एकाच वेळी येतात. निवासी इमारतीला साडेसात टक्के पुरतात. ऐंशी माणसांचे साडेसात टक्के म्हणजे सहा. पाच मिनिटांत सहा माणसं, एवढीच मागणी आहे.

आता लिफ्टची एक फेरी पाहू. संध्याकाळी सातची वेळ, खाली सहा माणसं चढली. पाच मजल्यांत ती कुठे कुठे उतरतील याचा संभाव्यतेने हिशोब केला तर सरासरी पावणेचार थांबे येतात. त्यात खालचा थांबा मिळवला की साधारण पाच. वेग सेकंदाला एक मीटर धरला तर 15 मीटर वर आणि 15 खाली, असे 30 सेकंद. प्रत्येक थांब्याला लिफ्ट मंदावणं, दार उघडणं, मिटणं आणि पुन्हा वेग घेणं यात नऊएक सेकंद जातात, म्हणजे पाच थांब्यांचे 45. माणसांच्या चढण्या-उतरण्याला पिशव्यांसकट आणखी वीसेक. सगळी फेरी झाली 95 सेकंदांची. पाच मिनिटांत अशा तीन फेऱ्या होतात आणि अठरा-एकोणीस माणसं वर जातात. गरज सहांची होती.

हाच हिशोब चार प्रवाशांच्या छोट्या लिफ्टसाठी केला, तरी पाच मिनिटांत बारा माणसं जातात. तीही पुरून उरते. गर्दीच्या हिशोबाने पाच मजली इमारतीला सगळ्यात लहान लिफ्टही चालते, आणि बिल्डर तिथेच थांबला तर त्याचं गणित चुकलं असं म्हणता येत नाही.

जाता जाता वेगाचंही पाहून घेऊ, कारण त्यावर वाद फार होतो. सेकंदाला 0.68 मीटर आणि 1 मीटर असे दोन वेग या उंचीसाठी सहसा पुढे येतात. पूर्ण 15 मीटर चढायला पहिल्याला 22 सेकंद लागतात, दुसऱ्याला 15. फरक सात सेकंदांचा. दारं आणि थांबे मिळून त्याच्या कितीतरी पट वेळ खातात. दीड मीटर वेगाची लिफ्ट कुणी सुचवली, तर पाच मजल्यांत ती पूर्ण वेग धरते न धरते तोच तिला मंदावावं लागेल, एवढं सांगून विषय संपवावा.

गर्दीही नाही आणि वेगही नाही, तर माप ठरवायचं कशावरून? माझ्या मते, त्या इमारतीतल्या सगळ्यात अडचणीत असलेल्या प्रवाशावरून. खुब्याचं हाड मोडलेली आजी, डायलिसिसला जाणारे काका. आज सदनिका घेणारं चाळिशीतलं जोडपं याच लिफ्टमध्ये सत्तरीचं होणार आहे.

चाकांच्या खुर्चीत माणूस बसला की पावलांसकट तिची लांबी साधारण 1100 ते 1200 मिलिमीटर होते आणि रुंदी 650 ते 700. आठ प्रवाशांच्या 1100 खोल केबिनमध्ये ती कशीबशी सरळ जाते, पण ढकलणारा माणूस मागे उभा राहू शकत नाही. दार मिटताना त्याची टाच मध्ये येते. त्याला खुर्चीच्या बाजूने अंग चोरून शिरावं लागतं. तीच केबिन 1100 रुंद आणि 1400 खोल केली, तर खुर्ची आत जाते आणि मागे माणूस नीट उभा राहतो. रुंदी कमी झाली तरी चालतं, कारण इथे काम करते ती खोली. दरवाजा 800 ऐवजी 900 मिलिमीटरचा मिळाला, तर खुर्चीच्या चाकावर ठेवलेल्या हाताची बोटं सोलवटत नाहीत. एवढ्या केबिनमध्ये खुर्ची फिरवता मात्र येत नाही, त्यासाठी दीड मीटरचा मोकळा गोल लागतो. म्हणून बाहेर उलटं यावं लागतं. केबिनच्या मागच्या भिंतीवर आरसा लावतात तो याचसाठी. केस विंचरायला त्याचा उपयोग होतो तो वेगळा. खुर्ची वळवायची ती लिफ्टबाहेरच्या मोकळ्या जागेत, म्हणून प्रत्येक मजल्यावर दारासमोर निदान दीड मीटर मोकळे हवेत आणि तिथे चपलांचं कपाट येता कामा नये.

केबिन मोठी केली की तिची वजनक्षमताही वाढवावी लागते, असा नियम आहे. कारण साधं आहे. जागा दिसली की माणसं शिरतात. म्हणून मानकात तळाचं क्षेत्रफळ आणि किलो यांची जोडी ठरवलेली असते. 1100 गुणिले 1400 म्हणजे दीड चौरस मीटरच्या किंचित वर. हे आठ प्रवाशांच्या केबिनपेक्षा जास्त भरतं, म्हणून आपण ती दहा प्रवाशांची, 680 किलोची धरू.

आता तिच्याभोवती डक्ट गुंडाळायचा. खोलीपासून सुरुवात करू. आतली केबिन 1400. तिच्या पुढच्या-मागच्या पत्र्यांचे मिळून साधारण 80. पुढे दोन दरवाजे असतात, एक केबिनचा आणि एक मजल्यावरचा. दोन्हींचे उंबरठे आणि त्यांच्यातली बोटभर फट मिळून 220 च्या आसपास. मागे काउंटरवेट. विहिरीवरच्या रहाटाला दोन बादल्या बांधाव्यात, एक वर आली की दुसरी खाली जावी, तशी केबिनच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला ही लोखंडी वजनांची चौकट टांगलेली असते. तिला रूळ आणि मोकळ्या अंतरासकट 400 द्यावे लागतात. बेरीज 2100.

रुंदीत केबिन 1100, पत्र्यांचे 80. दोन्ही बाजूंना गाइड रेल, म्हणजे केबिन ज्या उभ्या रुळांवर सरकते ते, आणि त्यांना भिंतीशी धरणारे ब्रॅकेट. बाजूला 200 प्रमाणे 400. बेरीज 1580 येते, आणि इथेच नकाशे फसतात, कारण रुंदी केबिन ठरवत नाही, दरवाजा ठरवतो. मधून दोन्हीकडे उघडणाऱ्या स्वयंचलित दरवाजाला सरकायला जागा लागते. 800 चा दरवाजा पूर्ण उघडायचा तर त्याच्या दुप्पट 1600, आणि वर यंत्रणेसाठी दीडदोनशे. 900 चा तसाच दरवाजा घेतला, तर दोन मीटरही अपुरे पडायला लागतात. दोन्ही पल्ले एकाच बाजूला, एकामागे एक सरकणारे घेतले, तर रुंदीच्या दीडपट आणि वर थोडं एवढ्यात भागतं. 900 साठी साडेपंधराशेच्या आसपास. मग केबिन डक्टच्या मधोमध न ठेवता जराशी बाजूला घ्यावी लागते, आणि हा दरवाजा उघडायला-मिटायला किंचित जास्त वेळ घेतो. आपल्या उदाहरणात मी तोच घेईन आणि डक्ट 1900 रुंद ठेवीन. जुन्या जाळीच्या दरवाजांच्या लिफ्टना ही बाजूची जागा फारशी लागतच नसे. म्हणून तर चाळीस वर्षांपूर्वीच्या डक्टमध्ये आज स्वयंचलित दरवाजा बसवायला गेलं की केबिन आणखी आक्रसते.

तर डक्ट झाला 1900 गुणिले 2100. दहा प्रवाशांच्या लिफ्टसाठी मानकाच्या तक्त्यातही हेच माप आहे. त्यामुळे पुढे कोणत्याही कंपनीची लिफ्ट घेतली तरी ती बसते. एखाद्या कंपनीचं यंत्र याहून लहान डक्टमध्ये बसतं आणि विक्रेता ते अभिमानाने सांगतोही. पण त्या मापाला बांधून घेतलं की पंचवीस वर्षांनी त्याच कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं.

स्ट्रेचर मात्र या केबिनमध्ये मावत नाही. तो साधारण 1900 लांब असतो आणि आपल्या केबिनचा कर्णसुद्धा 1780 भरतो. रुग्णाला खुर्चीत बसवून किंवा चादरीत धरून जिन्याने आणावं लागतं. तेरा प्रवाशांची, 2000 रुंद आणि 1100 खोल अशी केबिन तक्त्यात आहे आणि अपंगांच्या सोयीसाठी तीच सुचवली जाते. खुर्चीला ती उत्तम, पण समोरून आलेला स्ट्रेचर 1100 खोलीत आडवा वळवणार कसा? स्ट्रेचरला अरुंद आणि खोल केबिन लागते, 1100 गुणिले 2100. काउंटरवेट मागून काढून बाजूला नेलं तर अशी केबिन साधारण 1900 गुणिले 2500 च्या डक्टमध्ये बसवता येते. म्हणजे आपल्या डक्टपेक्षा फक्त 400 मिलिमीटर जास्त खोल. मजल्यामागे आठ चौरस फूट, सहा पातळ्यांचे मिळून पन्नासच्या आत. वजनक्षमता टनाच्या घरात जाते, मोटर मोठी लागते, खर्च वाढतो. भूखंड अगदीच चिंचोळा नसेल तर मी सोसायटीला यासाठी भांडायला सांगेन. आणि पैसे आज नसतील तर निदान डक्ट तेवढा ठेवून घ्यावा. मोठ्या डक्टमध्ये लहान लिफ्ट बसवता येते. उलटं कधीच होत नाही.

कागदावरचे 1900 जागेवर मिळतात का? हे माप ‘ओळंब्यातलं’ असतं, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरळ सोडलेल्या तारेला कुठेही भिंत न लागता मिळणारं. सहा स्लॅब सहा वेगवेगळ्या दिवशी पडतात. प्रत्येक वेळी सेंटरिंगची पाटी पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे होते. दुसरा मजला पंधरा मिलिमीटर डावीकडे, चौथा वीस उजवीकडे, असं झालं की प्रत्येक मजल्यावर टेपने मोजलं तर 1900 च भरतं, पण लिफ्टला मिळतात 1865. त्यात कुणी आतून गिलावा केला तर दोन्ही बाजूंचे मिळून आणखी तीसेक गेले. म्हणून नकाशात 1900 हवे असतील तर सेंटरिंग 1950 चं लावायला सांगावं आणि डक्टला आतून गिलावा करू नये. तपासायची रीत जुनी आहे. वरून चार कोपऱ्यांत तारा सोडायच्या, खाली वजनं बांधायची, ती हलू नयेत म्हणून तेलाच्या डब्यात बुडवायची आणि प्रत्येक मजल्यावर तारेपासून भिंतीचं अंतर वहीत लिहायचं. हे काम शेवटचा स्लॅब पडल्यावर करतात. प्रत्येक स्लॅबनंतर केलं तर चूक पुढच्या मजल्यावर आवरता येते.

डक्टच्या भिंती काँक्रीटच्या असाव्यात की विटांच्या, हा प्रश्न ब्रॅकेटच्या संदर्भात विचारावा. रुळांना साधारण अडीच मीटरच्या आत आधार लागतो. विटांच्या भिंतीत बोल्ट भरवशाचा धरत नाही, आणि बीम तर तीन मीटरवर एक. म्हणून विटांचा डक्ट असेल तर मजल्याच्या मध्ये आणखी एक काँक्रीटचा पट्टा फिरवावा लागतो. तो आरसीसी नकाशात आधीच असला पाहिजे. आणखी एक, या भिंतीला लागून कुणाची झोपायची खोली ठेवू नये. रात्री अकराला लिफ्ट सुटल्याचा खटका रुळातून ब्रॅकेटमध्ये आणि ब्रॅकेटमधून थेट उशाशी पोचतो.

आता खाली उतरू. सगळ्यात खालच्या थांब्याच्या लादीखाली डक्ट आणखी खोल जातो, तो पिट. सेकंदाला एक मीटर वेगासाठी दीड मीटर खोली धरावी. तिथे केबिनच्या तळाखालची यंत्रणा मावते, बफर असतात आणि दुरुस्तीला उतरलेल्या कारागिरावर केबिन चुकून आलीच तर त्याला दबून राहायला जागा उरते. पिटाच्या तळावर भार किती धरायचा? केबिन तिच्या चौकटीसह 750 किलो आणि आतली माणसं 680, म्हणजे 1430 किलो. ती बफरवर आदळली तर क्षणभर त्याच्या चौपट जोर येतो असं धरतात, म्हणजे पावणेसहा टन. हा तळ पार्किंगच्या फरशीसारखा नुसता कोबा घालून चालत नाही.

पिटाचा खरा शत्रू पाणी. आपल्याकडे पार्किंग रस्त्याच्या पातळीला असतं आणि पिट म्हणजे आवारातला सगळ्यात खोल खड्डा. त्यात अनेक नकाशांत जमिनीखालची पाण्याची टाकी नेमकी पिटाला चिकटून काढलेली असते, कारण दोन्ही खोदकामं एकत्र झाली की मुरूम कमी उचलावा लागतो. टाकी दहा वर्षांनी पाझरायला लागते आणि पिटात ओल धरते. केबिनच्या तळाशी असलेले स्विच गंजतात, लिफ्ट मधूनच बंद पडते, आणि मेकॅनिक वरच्या पॅनेलमध्ये दोष शोधत बसतो. टाकी लांब ठेवावी, पिटाला चारी बाजूंनी आणि तळाला एकसंध वॉटरप्रूफिंग करावं. लिफ्टच्या दारापुढची लादी पार्किंगपेक्षा पन्नास-पंचाहत्तर मिलिमीटर उंच घेऊन तिला हलका उतार द्यावा, म्हणजे गाडी धुतलेलं पाणी आत जात नाही आणि खुर्चीही अडत नाही.

वरच्या टोकाला गोष्ट याहून नाजूक. पाचव्या मजल्याच्या लादीपासून मशीन रूमच्या तळाच्या स्लॅबपर्यंतच्या उंचीला ओव्हरहेड म्हणतात. आपल्या वेगाला ती साधारण सव्वाचार मीटर लागते. केबिन बाहेरून सव्वादोन मीटर, तिच्यावर दोर बांधायची चौकट, काउंटरवेट खाली बफरवर दाबलं गेलं तर केबिन जेवढी जास्त वर सरकेल ते अंतर, आणि केबिनच्या टपावर काम करणाऱ्या माणसाचं डोकं वाचावं इतकी मोकळी जागा. हे सगळं त्या सव्वाचार मीटरमध्ये येतं. पाचव्या मजल्याची उंची मात्र तीनच मीटर आहे. म्हणजे मशीन रूमचा तळ गच्चीपेक्षा सव्वा मीटर वर हवा. गच्चीवरून मशीन रूमकडे चार-सहा पायऱ्या किंवा लोखंडी शिडी चढून जावं लागतं ते यामुळे.

हे विसरलं जातं आणि मशीन रूमचा तळ गच्चीच्याच स्लॅबमध्ये ओतला जातो. चूक उघड होते लिफ्ट कंपनीचा माणूस मोजायला येतो तेव्हा. मग एकतर स्लॅब फोडायचा, नाहीतर केबिन ठेंगणी करायची आणि टपावरच्या कारागिराच्या जागेत कपात करायची. दुसरा मार्ग कुणी सुचवला तर स्वच्छ नकार द्यावा. महाराष्ट्रात लिफ्ट बसवायच्या आधी परवानगी आणि चालू करायच्या आधी परवाना लागतो. 1939 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2017 चा नवा कायदा आला तरी ही रीत तीच राहिली. लिफ्ट इन्स्पेक्टर टपावर चढून टेप लावतो.

मशीन रूममध्ये मोटर, दोर ओढणारी पुली, ब्रेक आणि कंट्रोल पॅनेल असतं. मोटर केवढी लागते ते पाहिलं तर आश्चर्य वाटतं. काउंटरवेट हे केबिनचं वजन अधिक निम्मा भार एवढं ठेवतात. आपल्या लिफ्टचं 750 अधिक 340, म्हणजे 1090 किलो. त्यामुळे पूर्ण भरलेली केबिन वर नेताना मोटरला प्रत्यक्षात 340 किलोचाच फरक ओढावा लागतो. सेकंदाला एक मीटर वेगाने त्याला सव्वातीन किलोवॉट पुरतात. गिअरच्या यंत्रात बरीच शक्ती घर्षणात जाते म्हणून साडेपाच किलोवॉटची मोटर घेतात. गिअरविना चालणाऱ्या यंत्राला साडेचारच्या आसपास पुरते. रिकामी केबिन खाली जाताना ओढायचा फरक पुन्हा तेवढाच असतो, कारण तेव्हा काउंटरवेट जड असतं.

मोटर लहान असली तरी स्लॅबवरचा भार लहान नसतो. केबिन 750, भार 680, काउंटरवेट 1090, दोर आणि केबल 80, म्हणजे दोरांना लटकलेलं सगळं मिळून 2600 किलो. ब्रेक अचानक लागला की झटका बसतो, म्हणून संहितेप्रमाणे लटकलेल्या भाराची दुप्पट धरायची: 5200. त्यात यंत्र आणि त्याखालच्या लोखंडी बीमचे सहाशेक. जवळजवळ सहा टन. हा आकडा आरसीसी सल्लागाराला गच्चीचे नकाशे करण्याआधी मिळाला पाहिजे. प्रत्यक्षात बरेचदा तो नंतर मिळतो आणि मग बीमखाली बीम जोडायची वेळ येते.

खोलीचं आकारमान डक्टच्या क्षेत्रफळाच्या दुपटीच्या आसपास ठेवावं. आपला डक्ट चार चौरस मीटर, तेव्हा तीन मीटर गुणिले पावणेतीन मीटरची खोली बरी. कंट्रोल पॅनेलपुढे माणसाला उभं राहून काम करता यावं म्हणून निदान 700 मिलिमीटर मोकळे हवेत, आणि ते यंत्राला वळसा न घालता मिळायला हवेत. छताला यंत्राच्या बरोबर वर एक भक्कम हुक स्लॅबमध्येच बांधून घ्यावा. मोटर उचलायची वेळ येईल तेव्हा साखळी कप्पी अडकवायला दुसरी जागा नसते. दार बाहेर उघडणारं आणि एवढं रुंद, की जुनं यंत्र त्यातून बाहेर काढता येईल.

एप्रिलमध्ये गच्चीवरच्या या खोलीत काय तापमान होतं ते पुणेकरांना सांगायला नको. लिफ्टची यंत्रणा खोलीचं तापमान 40 अंशांपर्यंत राहील असं गृहीत धरून बनवलेली असते. मोटरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह त्यापुढे गेला की स्वतःला बंद करून घेतो. दुपारी दोन ते पाच लिफ्ट रुसते आणि संध्याकाळी आपोआप चालू होते, असा दोष असेल तर आधी खोलीत थर्मामीटर टांगावा. समोरासमोरच्या भिंतींत हवेच्या जाळ्या, त्यांतल्या एकीवर पंखा आणि छताला पांढरा रंग, एवढ्यात बहुतेक ठिकाणी भागतं. छतावर पाण्याची टाकी ठेवून खोली गार राहील, असं कुणी सुचवेल. आपल्याकडे टाकीला उंची हवी म्हणून ती नेमकी तिथे चढवलेलीही दिसते. पण टाकी आज ना उद्या गळणार आणि खाली उघडी वीजयंत्रणा आहे. टाकी जिन्यावर घ्यावी, आणि तिचा पाइपही या खोलीतून नेऊ नये.

हल्ली मशीन रूम नसलेली लिफ्ट आग्रहाने खपवली जाते. त्यात लहानसं यंत्र डक्टमध्येच, वरच्या टोकाला रुळांवर बसवतात आणि पॅनेल पाचव्या मजल्यावर दाराशेजारी येतं. गच्चीवरची खोली वाचते, सहा टनांचा बराच भार स्लॅबऐवजी रुळांमधून पिटात उतरतो. पण ओव्हरहेडची उंची त्यामुळे फारशी वाचत नाही, आणि मोटर दुरुस्त करायची तर केबिनच्या टपावर उभं राहून करावी लागते. गच्चीवर उंचीची मर्यादा आडवी येत असेल तर हा पर्याय ठीक. जागा असताना मी तरी खोलीच बांधीन. वीज जाऊन कुणी अडकलं आणि बॅटरीवरच्या सुटकेच्या यंत्रणेनेही दगा दिला, तर मशीन रूममध्ये शिकवलेला माणूस हाताने ब्रेक सैल करून, चाक फिरवून केबिन जवळच्या मजल्याला आणू शकतो. वॉचमनला हे दाखवून ठेवता येतं.

या सगळ्या मापांचा एक कागद असतो, लिफ्ट कंपनीने काढलेला मांडणीचा नकाशा. त्यात डक्ट, पिट, ओव्हरहेड, दारांच्या भोकांची मापं आणि भार, सगळं येतं. तो पायाचं काँक्रीट पडण्याआधी हातात हवा, कारण पिट पायातच येतो. कंपनी ठरायला अजून वर्ष आहे असं बिल्डर म्हणेल. तर दोन-तीन कंपन्यांचे असे नकाशे मागवावेत आणि प्रत्येक मापात जो आकडा सगळ्यात मोठा असेल, तो आरसीसी सल्लागाराला द्यावा.